सरांच्या स्लाइडवरचा आकडा चुकलाय, आता सांगायचं कसं?

बीडीडी चाळींबद्दल कुठलीही बातमी वाचायला घ्या, दोन आकडे हमखास दिसतात. एक म्हणजे २०७ चाळी आणि दुसरा १५,५९३ भाडेकरू. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण ते एकाच वाक्यात शेजारी-शेजारी बसवले की वाक्य चुकतं.

ते कसं, हे आधी बघू. कारण वरिष्ठांच्या प्रेझेंटेशनमधल्या चुका बहुतेक वेळा अशाच असतात. आकडा कुणी मनाने लिहिलेला नसतो, तो कुठून तरी खरा घेतलेला असतो. फक्त भलत्याच आकड्याला चिकटवलेला असतो.

ब्रिटिश काळात, १९२० च्या दशकात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने मुंबईत चार ठिकाणी या चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७. आता म्हाडाकडून जो पुनर्विकास सुरू आहे, तो पहिल्या तीन ठिकाणचा आहे. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे त्या या प्रकल्पात नाहीत. म्हणजे प्रकल्पातल्या चाळी १९५. आणि १५,५९३ हा भाडेकरूंचा आकडा या १९५ चाळींचा आहे, २०७ चा नाही.

आता एक प्रसंग घेऊ. प्रसंग काल्पनिक आहे, त्यातले चाळींचे आकडे मात्र खरे आहेत.

दादर पूर्वेला एका छोट्या संस्थेचं ऑफिस आहे. चाळीतून टॉवरमध्ये गेल्यावर कुटुंबांना महिन्याचा मेंटेनन्स, लिफ्टचा खर्च, पाणीपट्टी हे सगळं झेपतं का, याचा घरोघरी जाऊन अभ्यास करायचा असं ठरलंय. सुरुवात नायगावपासून. उद्या सकाळी अकराला पैसे देणाऱ्या मंडळींसमोर संस्थेच्या सरांचं प्रेझेंटेशन आहे. रात्री साडेनऊला सरांनी फाइल टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, 'फायनल आहे, एकदा नजर टाका.'

टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी नायगावचीच, बीडीडी चाळीत वाढलेली. तिसऱ्या स्लाइडवर तिला दिसलं, '२०७ चाळी, १५,५९३ कुटुंबं, म्हणजे दर चाळीत सरासरी ७५ कुटुंबं.' ती तिथेच थांबली. चाळीत तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या. म्हणजे ८० खोल्या. गणपतीची वर्गणी गोळा करताना तिने ते ८० दरवाजे कित्येकदा वाजवलेत. मग हे ७५ कुठून आले?

आणि सातव्या स्लाइडवर तोच ७५ पुढे वापरला होता. ४२ चाळी गुणिले ती सरासरी, म्हणून नायगावला अंदाजे ३,१६४ कुटुंबं, म्हणून इतके फॉर्म, इतकी माणसं, इतके दिवस, इतका खर्च. नायगावचा खरा आकडा ३,३४४ आहे. म्हणजे १८० कुटुंबं कागदावरून गायब. दोन अख्ख्या चाळी आणि वर थोडी, एवढी ही माणसं. उद्या बजेट मंजूर झालं की ही कुटुंबं सर्वेक्षणातून बाहेर राहणार, आणि का राहिली हे कुणाला कळणारही नाही.

तर आता हिने काय करायचं?

आधी चूक पक्की करा

पहिला मोह असतो तो लगेच टाइप करण्याचा. 'सर, ७५ नाही, ८० आहेत.' थांबा. कारण 'मी चाळीत राहते, मला माहितीये' हा अनुभव आहे, पुरावा नाही. सर म्हणू शकतात की काही खोल्यांमध्ये दुकानं असतील, काही बंद असतील, म्हणून सरासरी ७५ आली असेल. हे अगदी शक्य आहे. आपण ज्याला चूक समजतो ती कधीकधी आपल्याला माहीत नसलेली व्याख्या असते. समोरच्याने वेगळं वर्ष घेतलेलं असतं, वेगळी हद्द घेतलेली असते, 'खोली' आणि 'कुटुंब' यात फरक केलेला असतो.

म्हणून तिने कॅल्क्युलेटर काढला आणि तीन ठिकाणांचा हिशेब वेगवेगळा केला. वरळी, ९,६८९ भागिले १२१, आले ८०. नायगाव, ३,३४४ भागिले ४२, आले ७९.६. ना. म. जोशी मार्ग, २,५६० भागिले ३२, आले बरोबर ८०. तिन्ही ठिकाणी दर चाळीमागे ८० च्या आसपास. मग तिन्ही मिळून सरासरी ७५ येऊच शकत नाही. एकत्र सरासरी ही सगळ्यात लहान आकड्यापेक्षा कमी कशी असेल? हा पुरावा झाला. यात अनुभवाचा, वयाचा, हुद्द्याचा प्रश्नच उरत नाही.

पण अजून एक पायरी बाकी आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. चूक कुठे आहे यापेक्षा ती कशी झाली हे शोधायचं. तिने तीन ठिकाणच्या चाळींची बेरीज केली, १९५ आली. स्लाइडवर २०७ आहेत. फरक १२ चा. शिवडीच्या चाळी बरोबर १२. झालं, कोडं सुटलं. सरांनी भाडेकरूंचा आकडा पुनर्विकासाच्या बातमीतून घेतला आणि चाळींचा आकडा इतिहासाच्या लेखातून घेतला. १५,५९३ ला १९५ ने भागा, ७९.९६ येतात.

कारण शोधण्याचा फायदा काय? फायदा असा की तुमचं वाक्यच बदलतं. कारण माहीत नसेल तर तुम्ही म्हणता, 'सर, तुमचा आकडा चुकलाय.' कारण माहीत असेल तर म्हणता, 'सर, २०७ मध्ये शिवडी धरली आहे आणि १५,५९३ मध्ये नाही.' पहिल्या वाक्याचा कर्ता सर आहेत, दुसऱ्याचा शिवडी. दुसऱ्या वाक्यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट ऐकणारा म्हणतो, 'अरे हो, शिवडी राहिलीच.'

सगळ्याच चुका सांगायच्या नसतात

त्याच फाइलमध्ये तिला आणखी गोष्टी दिसल्या. एका स्लाइडवर 'नायगांव' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'नायगाव'. एक फोटो ताणला गेला होता. आणि पाचव्या स्लाइडवर होतं, 'घराच्या क्षेत्रफळात ३१२ टक्के वाढ.'

ही शेवटची चूक फार कॉमन आहे. जुनी खोली १६० चौरस फुटांची, नवं घर ५०० चौरस फुटांचं. ५०० भागिले १६० म्हणजे ३.१२५. म्हणजे नवं घर जुन्याच्या ३१२ टक्के आहे, पण वाढ ३४० चौरस फुटांची आहे, म्हणजे २१२ टक्के. 'किती पट झालं' आणि 'कितीने वाढलं' यात नेहमी शंभर टक्क्यांचा फरक पडतो, आणि शंभरातल्या कितीतरी प्रेझेंटेशनमध्ये तो खाल्लेला असतो. बातम्यांमध्येही.

आता हे सगळं एकदम पाठवलं तर काय होईल? रात्री दहा वाजता सरांच्या फोनवर पाच चुकांची यादी येईल. त्यातली पहिली अनुस्वाराची असेल तर ते पुढचं वाचणारच नाहीत, आणि वाचलं तरी 'ही पोरगी माझी उत्तरपत्रिका तपासतेय' असं वाटेल. उद्याच्या मीटिंगमध्ये ज्याच्यावर निर्णय होणार आहे ते आधी. म्हणजे ७५ ची सरासरी. दुसरं, जे समोरचा कुणीतरी भर मीटिंगमध्ये पकडू शकतो ते. म्हणजे ३१२ टक्के. पैसे देणाऱ्या संस्थेत एखादा तरी फायनान्सवाला बसलेला असतो आणि त्याला अशी टक्केवारी दुरून दिसते. अनुस्वार आणि फोटो तिने मुळीच सांगितले नाहीत. तिच्याकडे फाइल एडिट करायला आली असती तर गुपचूप नीट केले असते, ते वेगळं.

कुठे सांगायचं हे अर्धं काम आहे

सरांनी फाइल ग्रुपवर टाकली होती आणि 'नजर टाका' असं ग्रुपवरच म्हटलं होतं. मग तिथेच उत्तर द्यायला काय हरकत आहे? हरकत अशी की ग्रुपमध्ये अकरा जण आहेत. तुम्ही चूक लिहिली की सरांना उत्तर अकरा जणांसमोर द्यावं लागतं. माणूस एकट्यात जे दोन मिनिटांत मान्य करतो, तेच चारचौघांत मान्य करायला त्याला जड जातं. त्यात कुणीतरी अंगठा दाखवतो, कुणी 'बरोबर आहे तिचं' लिहितो आणि झाली पंचायत. आणि पाठवून मग डिलीट केलं तरी मेसेज डिलीट झाल्याची खूण तिथे राहतेच. ती तर आणखी वाईट, कारण सगळे विचारणार, काय लिहिलं होतंस?

ग्रुपवर तिने फक्त 'बघते सर' लिहिलं. बाकी सगळं थेट सरांना.

ऑनलाइन फाइलवर कमेंट टाकणं अनेकांना सभ्य वाटतं. पण गूगल स्लाइड्सवरची कमेंट ज्याच्याकडे त्या फाइलवर कमेंट किंवा एडिट करण्याचा अॅक्सेस आहे त्या प्रत्येकाला दिसते, आणि काहींना त्याचा ईमेलही जातो. पॉवरपॉइंटमधली कमेंट तर फाइलबरोबर प्रवास करते. तीच फाइल उद्या पाहुण्यांना मेल केली तर तुमची 'सर, हे चुकलंय' ही कमेंटही त्यांच्याकडे पोहोचते. ईमेल करत असाल तर उत्तर पाठवताना 'रिप्लाय ऑल' झालं नाही ना ते बघा, आणि सीसीमध्ये सरांचे सर ठेवू नका. सीसी हे आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये तक्रारीचं दुसरं नाव आहे, तुमच्या मनात तसं असो वा नसो.

एक धोका मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मीटिंग सुरू झाल्यावर सरांना खासगी मेसेज करणं. सरांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला आहे, त्यावर व्हॉट्सअॅप वेब उघडं आहे. तुम्ही लिहिता, 'सर, स्लाइड ७ चुकली आहे' आणि तो मेसेज कोपऱ्यात नोटिफिकेशन म्हणून भिंतीवर सहा फुटांचा होऊन झळकतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केलेली असेल तरी तेच होऊ शकतं. ज्या गोष्टीला आपण खासगी समजतो, ती त्या क्षणी हॉलमधली सगळ्यात जाहीर गोष्ट असते.

तर वेळ कुठली? रात्री साडेनऊला फाइल आली, दहापर्यंत चूक पक्की झाली. सकाळपर्यंत थांबायचं का? उद्या अकराला मीटिंग आहे, सर कदाचित दहाला घरून निघतील, ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडता येणार नाही. दुरुस्तीला दोन स्लाइड, एक चार्ट आणि बजेटचा तक्ता बदलायचा आहे. म्हणजे आज रात्रीच. उशीर झालाय म्हणून संकोच वाटतो, पण सकाळी पावणेअकराला लिफ्टमध्ये सांगितलेली चूक ही मदत नसते, तो नुसता ताप असतो. माणसाला कळतं की आपण चुकलोय आणि हेही कळतं की आता काही करता येणार नाही.

शब्द किती मऊ ठेवायचे?

आपल्याकडे मोठ्यांना थेट चूक सांगायची सवय नसते. मग आपण 'सर, एक शंका होती' म्हणतो. किंवा 'मला नीट कळलं नाही, ७५ कसे आले?' किंवा अगदीच मऊ, 'सर, तिसरी स्लाइड एकदा बघाल का?'

यातली शेवटची भाषा सगळ्यात सभ्य वाटते, पण तीच सगळ्यात निकामी आहे. सर स्लाइड बघतात, त्यांना त्यात काही चूक दिसत नाही (दिसली असती तर आधीच दुरुस्त केली असती ना), आणि 'बघितली, ओके आहे' असं उत्तर येतं. आता तुम्हाला दुसऱ्यांदा सांगावं लागणार, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

ज्युनिअरने मऊ शब्दांत सांगितलं आणि सिनिअरने ऐकून सोडून दिलं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण विमानाच्या कॉकपिटमधलं आहे. १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं ९० क्रमांकाचं विमान धावपट्टीवर धावायला लागलं. इंजिनाचा जोर मोजणाऱ्या नळीत बर्फ अडकला होता, त्यामुळे काटा खरा जोर होता त्यापेक्षा जास्त दाखवत होता. म्हणजे तिथेही प्रश्न चुकीच्या आकड्याचाच होता. सहवैमानिकाला ते खटकलं. हे बरोबर वाटत नाही, असं तो म्हणाला. कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे. सहवैमानिक पुन्हा म्हणाला, मला नाही वाटत बरोबर आहे. आणि मग स्वतःच मागे सरकला, असेलही कदाचित. उड्डाण थांबवू या, हे वाक्य आलंच नाही. विमान उडालं, जेमतेम वर गेलं आणि पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात पडलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ असे ७८ जण गेले.

या रेकॉर्डिंगचा पुढे खूप अभ्यास झाला. सहवैमानिक गप्प बसला नव्हता, हे त्यात लक्षात घेण्यासारखं आहे. तो बोलला, पुन्हा पुन्हा बोलला. पण नेमकं काय चुकलंय, त्याने काय होईल आणि आता काय करू या, यातलं काहीच त्याच्या बोलण्यात नव्हतं. नुसती अस्वस्थता होती. आणि अस्वस्थता 'असू दे रे' म्हणून झटकता येते.

ऑफिसच्या स्लाइडवर कुणाचा जीव जात नाही, मान्य. पण वाक्याची रचना तिथून शिकण्यासारखी आहे. आदर संबोधनात ठेवा, सुरात ठेवा, आकड्यात नको. आकडा कडक असू द्या.

तिने दहा वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला मेसेज असा होता:

'सर, उद्याचं पीपीटी बघितलं. दोन आकडे उद्याच्या आधी बदलावे लागतील असं वाटतंय. स्लाइड ३: २०७ चाळींमध्ये शिवडीच्या १२ धरल्या आहेत, पण १५,५९३ कुटुंबं ही शिवडी सोडून १९५ चाळींची आहेत. त्यामुळे सरासरी ७५ ऐवजी ८० येते. त्याचा परिणाम स्लाइड ७ वर होतो, नायगावची कुटुंबं ३,१६४ ऐवजी ३,३४४ होतात, म्हणजे १८० ने जास्त. स्लाइड ५: क्षेत्रफळ १६० वरून ५००, म्हणजे वाढ २१२ टक्के (किंवा 'तिपटीहून जास्त' असं लिहिता येईल). हिशेब आणि तीन ठिकाणचा तक्ता खाली जोडलाय. तुम्ही हो म्हणालात तर मी लगेच बदलून फाइल तुम्हालाच पाठवते, ग्रुपवर टाकत नाही.'

यात 'चूक' हा शब्द नाही, पण चूक लपवलेलीही नाही. स्लाइडचा नंबर आहे, त्यामुळे शोधावं लागत नाही. कारण आहे. परिणाम आहे. तपासायला हिशेब जोडलाय, म्हणजे सरांना तिच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. 'तिपटीहून जास्त' हा पर्याय तर फार उपयोगाचा, कारण सरांचा मूळ मुद्दा, घर खूप मोठं होतंय, तो तसाच टिकतो. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. त्याने सरांच्या हातात निर्णय राहतो आणि ग्रुपवर नवी फाइल त्यांच्याच नावाने जाते. ते वर लिहितील, 'थोडे बदल केलेत, ही फायनल.' बास. कुणी विचारत नाही काय बदललं.

खोटी शंका मात्र विचारू नका. तुम्हाला उत्तर माहीत आहे आणि तरी 'सर, हे मला समजावता का?' म्हणून समोरच्याला आपोआप चूक सापडायला लावायची, हा प्रकार काही जण फार हुशारीचा समजतात. एकदा चालतो. दुसऱ्या वेळी सरांना कळतं की ही नाटकं आहेत, आणि पुढे तुम्ही खरी शंका विचारली तरी ते सावध होतात. जिथे तुम्हाला खरंच खात्री नाही, तिथे मात्र प्रश्नच विचारा आणि काय तपासलं ते सांगा: 'मला १९५ सापडतायत, तुम्ही २०७ कुठून घेतलेत ते सांगाल का, म्हणजे मी जुळवून बघते.'

आणि मीटिंगमध्येच लक्षात आलं तर?

हे सगळं रात्री कळलं म्हणून सोपं झालं. समजा, तिने फाइल उघडलीच नव्हती आणि सातवी स्लाइड भिंतीवर आल्यावर तिला ३,१६४ दिसले. तेव्हा काय?

त्या क्षणी एकच प्रश्न असतो. या खोलीतून लोक उठायच्या आत या आकड्यावर काही ठरणार आहे का? नुसती माहिती म्हणून स्लाइड असेल तर चहाच्या ब्रेकपर्यंत गप्प बसावं आणि सरांना बाजूला घेऊन सांगावं. सरच मग परत आल्यावर म्हणतील, 'मघाशी नायगावचा आकडा मी सरासरीवरून सांगितला, नेमका आकडा ३,३४४ आहे.' असं म्हणणारा माणूस ऐकणाऱ्यांना काटेकोर वाटतो. कुणाला शंकाही येत नाही.

पण बजेट तिथेच मंजूर होणार असेल तर थांबता येत नाही. मग बोलायचं, पण दुरुस्ती म्हणून नाही, भर म्हणून. 'सर, नायगावची ठिकाणवार यादी माझ्याकडे आहे, त्यात ३,३४४ कुटुंबं आहेत. बजेटसाठी तो आकडा घेऊ या का?' इथे सरांचा आकडा अंदाज ठरतो आणि तुमचा नेमका. दोन्ही एकमेकांशेजारी राहू शकतात, आणि 'हो, हो, तोच घ्या' म्हणायला सरांना जागा मिळते. शेजारी बसला असाल तर चिठ्ठी सरकवणं अजूनही उत्तम. कागदाचं नोटिफिकेशन येत नाही.

बोलणं कठीण होतं ते सर म्हणतात तेव्हा, 'अगं, ७५ काय आणि ८० काय, अंदाजच आहे तो.' हे उत्तर फार वेळा येतं, आणि ते नेहमी अहंकारातून येतं असं नाही. त्यांना खरंच पाचाचा फरक किरकोळ वाटतो. म्हणून फरक त्या जागेवर दाखवा जिथे तो लागतो. सरासरीत पाच, नायगावमध्ये १८०, म्हणजे दोन चाळींना फॉर्मच नाहीत. पुन्हा एकदा, खासगीत, पण यावेळी ईमेलवर. दोन ओळी पुरतात. पुढे सहा महिन्यांनी 'नायगावचे फॉर्म कमी का पडले' असा प्रश्न आला तर उत्तर त्या मेलमध्ये असेल. याला कुणी धूर्तपणा म्हणेल, म्हणू दे. सर्वेक्षण ज्यांच्यासाठी आहे त्या १८० घरांच्या बाजूने कुणीतरी एकदा लिहून ठेवायला हवं.

खासगीत सांगणं कुठे संपतं

आकडा ऑफिसच्या बाहेर गेला की खासगीत सांगून भागत नाही. याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या दोन बड्या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध. देशाचं कर्ज त्याच्या जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ घसरते, असं त्यात म्हटलं होतं आणि खर्चकपातीच्या बाजूने बोलणारे राजकारणी त्याचा हवाला देत होते. थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून तो हिशेब पुन्हा करायचा होता. आकडे जुळेनात. त्याला आधी वाटलं आपणच चुकतोय. मग त्याने लेखकांकडेच मूळ एक्सेल फाइल मागितली, आणि राइनहार्ट यांनी ती पाठवली.

फाइलमध्ये दिसलं की सरासरीच्या सूत्रात २० पैकी १५ च ओळी धरल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. वर्णाक्षरांनुसार पहिले पाच, म्हणजे माउस ओढताना राहून गेले असावेत. त्याशिवाय काही वर्षांचे आकडे गाळले होते आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही आक्षेप होता. सगळं धरून हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जास्त कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आली. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर मात्र वाद घातला.

इथे त्याने फाइल मागितली ती खासगीत, पण निष्कर्ष जाहीर केला. कारण मूळ आकडा जाहीर होता आणि लोक त्यावर धोरणं मांडत होते. आपल्या प्रसंगातही तेच लागू. स्लाइड ऑफिसात आहे तोवर दुरुस्ती दोघांतच राहू शकते. तोच ३,१६४ संस्थेच्या पत्रकात छापून आला असता तर दुरुस्तीही छापावी लागली असती. मात्र ती संस्थेच्या नावाने, 'आकड्यात दुरुस्ती' एवढ्याच मथळ्याने. कुणी पकडली आणि कुणाची होती, हे त्यात लिहायची गरज नसते.

आपल्या प्रसंगात सरांचं उत्तर साडेदहाला आलं. 'शिवडी विसरलोच. बदल आणि पाठव.' तिने स्लाइड ३ आणि ५ वरचा मजकूर बदलला, सातवर ३,३४४ केले. मग तिला आठवलं की पॉवरपॉइंटमध्ये मजकूर बदलला म्हणून चार्ट बदलत नाही, त्याच्या मागचा तक्ता वेगळा उघडावा लागतो. तो उघडला, तिथेही जुनाच आकडा होता. बजेटच्या स्लाइडवर फॉर्मची संख्या, शेवटच्या सारांशाच्या स्लाइडवर पुन्हा २०७, आणि स्पीकर नोट्समध्ये सरांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेलं '७५ लक्षात ठेवणे'. एकूण सहा ठिकाणी. शेवटी तिसऱ्या स्लाइडखाली बारीक अक्षरात एक ओळ टाकली, 'शिवडीच्या १२ चाळी या प्रकल्पात नाहीत', आणि फाइल सरांना पाठवली.